टी-टेस्ट लावायची की अनोव्हा? माध्यमवापराची तुलना करताना पुन्हा पुन्हा अडणारी गाठ

प्रबंधिका सादर करायला आठ-दहा दिवस उरले की ही गाठ हमखास समोर येते. विद्यार्थ्यांचा मोबाईलवापर, पेपरवाचन, टीव्हीसमोर जाणारा वेळ असं काहीतरी मोजलेलं असतं, गट पाडलेले असतात, सॉफ्टवेअरने तक्तेही काढून दिलेले असतात. पण तक्त्यातला आकडा आणि प्रबंधिकेतलं वाक्य एकमेकांशी जुळत नाहीत. गणित सहसा चुकलेलं नसतं. गट मोजण्यात, माहिती भरण्यात किंवा तक्त्यातली ओळ वाचण्यात चूक झालेली असते. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी. पाच मिनिटांत होणारी आधी, डोकं खाणारी शेवटी.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी निष्कर्ष लिहायला घेऊ नका.

- गट तीन आहेत आणि प्रकरणात तीन वेगवेगळ्या टी-टेस्ट आहेत.
- त्याच माहितीवर एका मैत्रिणीला `df`, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा, ८८ मिळते आणि दुसरीला ७३.२५५.
- गट तीन असूनही अनोव्हाच्या तक्त्यात गटांसमोर `df` १ आहे.
- ९० जणांकडून फॉर्म भरून घेतले, तक्त्यात मात्र ६० जणच आहेत.
- "फरक सार्थक आहे" असं लिहिलंय, पण तो कुठल्या दोन गटांमधला हे कुणाला सांगता येत नाही.
- सरासरी ६० मिनिटं आणि प्रमाण विचलन ७५.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. समजा, म्हापशाच्या बाजूच्या हायर सेकंडरीतल्या ९० मुलामुलींना रोज मोबाईलवर किती मिनिटं व्हिडिओ पाहता, असं विचारलं. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांचे प्रत्येकी ३० जण. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांवरचं गणित खरं आहे. कॅल्क्युलेटर घेऊन पडताळता येईल.

कला शाखेची सरासरी १४२ मिनिटं, प्रमाण विचलन ४५. वाणिज्यची १२८ आणि ४०. विज्ञानची १०७ आणि ३८.

तपासणी १: रकान्यात नेमकं काय भरलंय?

याला पैसे लागत नाहीत की सॉफ्टवेअर. एक्सेलमध्ये मिनिटांचा रकाना लहान-मोठा क्रम लावून पाहा. वरचे दहा आणि खालचे दहा आकडे वाचा.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक इथेच असते, ती म्हणजे `2.30`. मुलाच्या मनात असतं अडीच तास, म्हणजे दोन तास तीस मिनिटं. माहिती भरणारा `2.30` टाईप करतो आणि नंतर कुणीतरी अख्ख्या रकान्याला ६० ने गुणतं. १५० मिनिटांची १३८ होतात. `1.45` ची १०५ व्हायला हवीत, होतात ८७. एकेका फॉर्ममध्ये फरक लहान दिसतो. पण एका शाखेचे फॉर्म एकाने भरले असतील आणि दुसऱ्या शाखेचे दुसऱ्याने, तर शाखांमधला म्हणून जो फरक दिसेल तो खरं तर टाईप करणाऱ्यांच्या सवयींतला असेल.

तास-मिनिटं अशा पद्धतीने भरलेल्या रकान्यासाठी हे सूत्र चालतं:

```
=INT(A2)*60+ROUND((A2-INT(A2))*100,0)
```

मात्र त्याआधी टिंबानंतरचे आकडे पाहा. कुठे `1.75` किंवा `2.8` दिसलं तर कुणीतरी दशांशात तास भरले आहेत, कारण मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत. दोन्ही पद्धती एकाच रकान्यात मिसळल्या असतील तर हे सूत्र लावू नका. `2.5` म्हणजे अडीच तास की दोन तास पन्नास मिनिटं, हे एक्सेल सांगू शकत नाही. मूळ फॉर्म काढून पुन्हा भरणं एवढाच मार्ग आहे. कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारीत आटपतं.

दुसरा चोर म्हणजे `99` किंवा `999`. उत्तर न देणाऱ्यांसाठी हा आकडा भरायची पद्धत आहे. सॉफ्टवेअरला तसं सांगितलं नसेल तर ते या मुलाने रोज ९९९ मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त, व्हिडिओ पाहिले असं धरून चालतं. असे दोन फॉर्म एका गटात पडले तरी त्या गटाची सरासरी साठेक मिनिटांनी वर जाते.

आणि मुळात तुम्ही मिनिटं मोजली आहेत ना? "नेहमी, कधीकधी, कधीच नाही" अशा उत्तरांना १, २, ३ क्रमांक दिले म्हणून ती मिनिटं होत नाहीत. तिथे टी-टेस्ट किंवा अनोव्हा हा प्रश्नच येत नाही. कुठल्या गटात किती जणांनी कुठलं उत्तर दिलं याचा तक्ता मांडून काय-स्क्वेअर चाचणी लावायची. पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

तपासणी २: गट किती आणि प्रत्येकात माणसं किती?

नियम छोटा आहे. दोन गटांच्या सरासऱ्या ताडून पाहायच्या असतील तर टी-टेस्ट. तीन किंवा जास्त गट असतील तर अनोव्हा, म्हणजे प्रसरण विश्लेषण. मुली आणि मुलगे हे दोन गट, म्हणून टी-टेस्ट. कला, वाणिज्य, विज्ञान हे तीन, म्हणून अनोव्हा. गोव्याचे बाराही तालुके घेतले तरी चाचणी एकच, अनोव्हा.

नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी चूक होते, कारण सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी अडवत नाही. एसपीएसएसमध्ये `Independent-Samples T Test` उघडलं की ते `Define Groups` विचारतं. तिथे १ आणि २ भरलं की ज्यांचा क्रमांक ३ आहे ती तीस मुलं मुकाट्याने बाजूला पडतात. कसलीही सूचना येत नाही. म्हणून पहिल्या तक्त्यातला, `Group Statistics` मधला, `N` चा रकाना बोट ठेवून वाचा. बेरीज ९० आली पाहिजे. आर हे सॉफ्टवेअर इथे बरं, `t.test` मध्ये तीन गट दिले तर ते सरळ चूक दाखवून थांबतं.

पण आरचा स्वतःचा एक सापळा आहे. शाखांना १, २, ३ असे आकडे दिले असतील तर `aov` त्यांना शाखा न मानता मोजमाप मानतं. विज्ञान म्हणजे कलेच्या तिप्पट काहीतरी, अशा थाटात. आपल्या उदाहरणात तसं केलं तर गटांसमोर `Df` १ येतो आणि `F` १०.९८. खरं उत्तर आहे `Df` २ आणि `F` ५.५१. चुकीचा आकडा बरोबरपेक्षा दुप्पट घसघशीत दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. उपाय एका ओळीचा:

```
d$shakha <- factor(d$shakha)
m <- aov(minite ~ shakha, data = d)
summary(m)
TukeyHSD(m)
```

लक्षात ठेवायची खूण: गटांसमोरचा `df` नेहमी गटसंख्येपेक्षा एकने कमी असतो. तीन गटांना २, बारा तालुक्यांना ११. तसा नसेल तर पुढे वाचू नका, मागे जा.

तपासणी ३: एकच माणूस दोन गटांत तर नाही ना?

इथे थोडं थांबायला हवं, कारण गोव्यात ही चूक फार सहज होते. प्रश्न असतो, "मराठी, कोंकणी आणि इंग्रजी पेपरांचे वाचक रोज वाचनाला किती वेळ देतात?" आणि गटही तसेच पाडले जातात. पण इथल्या कितीतरी घरांत सकाळी 'गोमन्तक' आणि 'हेराल्ड' दोन्ही येतात. मराठी पेपर चाळून झाला की तोच माणूस इंग्रजी पेपर हातात घेतो. आता तो कुठल्या गटात? दोन्हींत घातला तर त्याची नोंद दोनदा होते. वाचक १२० आणि नोंदी १७० असं काहीतरी होऊन बसतं. टी-टेस्ट आणि अनोव्हा, दोन्ही चाचण्या हे धरून चालतात की एका गटातल्या माणसाचा दुसऱ्या गटातल्या माणसाशी संबंध नाही. इथे संबंध तर आहेच, दोन्हीकडे माणूसच एक आहे.

हे कळायचं कसं? नोंदींची संख्या आणि फॉर्मची संख्या ताडून पाहा. नोंदी जास्त असतील तर माणसं दोनदा मोजली गेली आहेत. सुटका दोन प्रकारे होते. "जास्त वेळ कुठल्या भाषेतला पेपर वाचता?" असं विचारून प्रत्येकाला एकाच गटात बसवा. हा प्रश्न फॉर्ममध्ये नसेल तर "फक्त मराठी, फक्त इंग्रजी, दोन्ही" असे नवे गट पाडा. दुसरा पर्याय बहुतेक वेळा जास्त बरा, कारण "दोन्ही" वाचणारे हाच इथला खरा मोठा आणि बोलका गट असतो. त्याला जबरदस्तीने मराठीत किंवा इंग्रजीत कोंबून माहितीच मारली जाते.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे त्याच माणसाची दोन मोजमापं. गणेश चवथीच्या सुट्टीतला मोबाईलवापर आणि शाळा सुरू असतानाचा मोबाईलवापर, किंवा त्याच मुलाचा टीव्हीचा वेळ आणि मोबाईलचा वेळ. इथे दोन गट नाहीतच. गट एक आहे, मोजमापं दोन आहेत. यासाठी जोडीची टी-टेस्ट लागते, एसपीएसएसमध्ये `Paired-Samples T Test`. ती प्रत्येक मुलाच्या दोन आकड्यांतला फरक काढते आणि त्या फरकांची सरासरी शून्यापासून किती दूर आहे हे पाहते. असल्या माहितीवर साधी टी-टेस्ट लावली तर मुलामुलांमधला मूळचा फरक गोंगाट म्हणून मध्ये येतो, आणि बहुधा खरा बदल त्यात बुडून जातो. तीन मोजमापं असतील, म्हणजे चवथीआधी, चवथीत आणि नंतर, तर पुनर्मापनाची अनोव्हा लागते. ती एकट्याने पहिल्यांदाच करत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.

तपासणी ४: टी-टेस्टच्या तक्त्यात कुठली ओळ वाचली?

एसपीएसएसचा हा तक्ता जितक्या प्रबंधिकांत छापला जातो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चुकीचा वाचला जातो. आपल्याच ९० जणांत ५० मुली आहेत, सरासरी ११९ मिनिटं आणि विचलन ३८. मुलगे ४०, सरासरी १३४, विचलन ४८. तक्त्याचा कामाचा भाग असा दिसेल:

```
                     Levene's Test
                     F      Sig.    t       df      Sig. (2-tailed)
Equal variances
  assumed            4.80   .031   -1.655   88      .101
Equal variances
  not assumed                      -1.613   73.255  .111
```

डावीकडून वाचत गेलं की पहिल्यांदा भेटतो `.031`. तो ०.०५ पेक्षा कमी. लगेच वाक्य तयार: "मुली आणि मुलगे यांच्या मोबाईलवापरात सार्थक फरक आढळला." हे चूक आहे. तो आकडा लेव्हीन चाचणीचा आहे आणि ती सरासरीबद्दल काहीच बोलत नाही. ती एवढंच सांगते की दोन्ही गटांतलं पसरलेपण सारखं नाही. मुलग्यांमध्ये कुणी खूप कमी पाहतो, कुणी खूप जास्त. मुली त्या मानाने एकमेकींच्या जवळ आहेत.

लेव्हीनचा उपयोग फक्त पुढची ओळ निवडण्यापुरता. त्याची `Sig.` ०.०५ पेक्षा जास्त असेल तर वरची ओळ, कमी असेल तर खालची. इथे खालची. `t` आहे -१.६१३, `df` ७३.२५५ आणि `p`, म्हणजे त्या ओळीतली शेवटची `Sig.`, ०.१११. म्हणजे १५ मिनिटांचा हा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. सार्थक नाही.

`df` दशांशात बघून घाबरू नका. खालची ओळ वेल्चच्या पद्धतीची आहे आणि तिथे असंच येतं. आर मुळातच वेल्च लावतं, म्हणून आर वापरणारीला ७३.२५५ मिळतो आणि एसपीएसएसची वरची ओळ उतरवून घेणारीला ८८. दोघींनी गणित बरोबरच केलंय. खरं सांगायचं तर दोन गटांसाठी लेव्हीनची भानगडच सोडून नेहमी वेल्चची ओळ लिहावी, हेच जास्त सुरक्षित. पसरलेपण सारखं असलं तरी त्यात जवळपास काहीच बिघडत नाही. पण मार्गदर्शक लेव्हीन मागत असतील तर तो द्या, फक्त त्याला निकाल समजू नका.

उणे चिन्हावरूनही वाद होतात. त्याचा अर्थ इतकाच की पहिल्या गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा कमी आहे. मुलींना २ आणि मुलग्यांना १ असा क्रमांक दिला असता तर तोच आकडा अधिक झाला असता. एसपीएसएसच्या नव्या आवृत्त्यांत `One-Sided p` आणि `Two-Sided p` असे दोन रकाने येतात, एक्सेलमध्ये `one-tail` आणि `two-tail`. दुसरा घ्यायचा. एका बाजूचा आकडा अर्धा असतो आणि म्हणून मोहात पाडतो. पण "मुलगेच जास्त पाहतात" असं माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवलेलं नसेल तर तो घेण्याचा हक्क नाही.

आणि `.000` म्हणजे शून्य नव्हे. `p` ०.००१ पेक्षा कमी, असं लिहा.

तपासणी ५: तीन गटांसाठी तीन टी-टेस्ट का नकोत?

"तीन जोड्या, तीन टी-टेस्ट, उत्तर तेच येईल ना?" नाही येत. उदाहरणातच पाहू. वाणिज्य आणि विज्ञान यांच्यात २१ मिनिटांचा फरक आहे. या दोघांचीच टी-टेस्ट केली तर `t` येतो २.०८५ आणि `p` सुमारे ०.०४. सार्थक! आता हीच माहिती अनोव्हात घालू.

```
                Sum of Squares  df  Mean Square  F      Sig.
Between Groups   18620.000       2   9310.000    5.510  .006
Within Groups   147001.000      87   1689.667
Total           165621.000      89
```

हा तक्ता खालून वर वाचला तर सोपा जातो. `Within Groups` म्हणजे एकाच शाखेतली मुलं आपापसांत किती वेगळी आहेत. `Between Groups` म्हणजे शाखांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती दूर आहेत. ९३१० ला १६८९.६६७ ने भागलं की ५.५१० हा `F` मिळतो. शाखांमधलं अंतर शाखेच्या आतल्या गोंगाटाच्या साडेपाच पट आहे. `p` ०.००६, म्हणजे तिन्ही सरासऱ्या सारख्याच आहेत असं म्हणणं कठीण.

पण अनोव्हा इथेच गप्प होते. कोण कोणापेक्षा वेगळं हे ती सांगत नाही. `F` सार्थक आला म्हणून "तिन्ही शाखांत फरक आहे" असं लिहिणं ही सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी ओळ. पुढची पायरी ट्युकीची, म्हणजे गटांच्या जोड्या ताडून पाहणाऱ्या चाचणीची. एसपीएसएसमध्ये `Post Hoc` बटणाखाली `Tukey`, आरमध्ये वरच्या चौकटीतली शेवटची ओळ. एक्सेलच्या `Anova: Single Factor` मध्ये ही सोयच नाही.

इथे प्रत्येक गटात ३० जण असल्याने ट्युकीची अट एका आकड्यात सांगता येते. दोन सरासऱ्यांमधलं अंतर सुमारे २५.३ मिनिटांपेक्षा जास्त हवं. कला आणि विज्ञान यांच्यात ३५ मिनिटं आहेत, सार्थक. कला आणि वाणिज्य यांच्यात १४, नाही. वाणिज्य आणि विज्ञान यांच्यात २१, तेही नाही. म्हणजे सुट्या टी-टेस्टने ज्याला सार्थक म्हटलं, ते ट्युकीच्या चाळणीत टिकलं नाही.

कारण असं. एका चाचणीत नसलेला फरक "आहे" म्हणण्याची पाच टक्के जोखीम आपण पत्करलेली असते. तीन चाचण्या केल्या की कुठेतरी एकदा फसण्याची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. बारा तालुक्यांच्या जोड्या होतात ६६. तालुक्यांत काडीचाही फरक नसला तरी त्यांतल्या सरासरी तीनेक जोड्या "सार्थक" निघतील. मग पेडणे आणि काणकोण यांच्यावर दोन पानं लिहिली जातील आणि ती सगळी हवेतली असतील. ट्युकी सगळ्या जोड्या एकत्र धरून ही जोखीम पाच टक्क्यांवर रोखते.

कधी उलटंही होतं. `F` काठावर सार्थक येतो आणि ट्युकीत एकही जोडी येत नाही. ही सॉफ्टवेअरची चूक नव्हे, दोन्ही चाचण्या थोडे वेगळे प्रश्न विचारतात. जसं आहे तसं लिहा. सार्थक जोडी सापडेपर्यंत `Post Hoc` मधल्या एकेका खुणेवर टिचक्या मारत बसू नका. तिथे `LSD` निवडली की सापडते, पण ती म्हणजे पुन्हा सुट्या टी-टेस्टच.

अनोव्हातही पसरलेपणाचा प्रश्न असतोच. गट समान आकाराचे असतील आणि सर्वांत मोठं विचलन सर्वांत लहानाच्या दुपटीपेक्षा बरंच कमी असेल, जसं इथे ४५ आणि ३८, तर काळजी नको. गट १५ आणि ६० असे असमान असतील आणि विचलनंही दूरदूर असतील तर `Options` मधली `Welch` आणि `Post Hoc` मधली `Games-Howell` घ्या.

एक गंमत पडताळणीसाठी उपयोगी पडते. दोनच गटांवर अनोव्हा चालवली तर `F` हा वरच्या ओळीतल्या `t` चा वर्ग निघतो. मुली-मुलगे उदाहरणात १.६५५ चा वर्ग २.७४, आणि अनोव्हाही तेच देते, `p` सकट. तसं आलं नाही तर दोन चाचण्यांत वेगवेगळी माणसं मोजली गेली आहेत.

निकालाचं वाक्य असं चालेल: "शाखांनुसार व्हिडिओ पाहण्याच्या वेळेत सार्थक फरक आढळला, F(2, 87) = 5.51, p = .006. ट्युकी चाचणीनुसार कला शाखेचे विद्यार्थी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपेक्षा रोज सरासरी ३५ मिनिटं जास्त व्हिडिओ पाहतात. इतर दोन जोड्यांतला फरक सार्थक नाही." सोबत १८६२० ला १६५६२१ ने भागून येणारं ०.११ लिहा. मुलामुलांमधल्या एकूण फरकातला अकरा टक्के शाखेशी जुळतो, उरलेला एकोणनव्वद टक्के इतर कशाकशाशी. हा आकडा लिहिला की चर्चेच्या प्रकरणातली भाषा आपोआप जमिनीवर येते.

तपासणी ६: मिनिटांचा आकार

माध्यमवापराची मिनिटं शून्याखाली जात नाहीत, वर मात्र कितीही जातात. म्हणून विचलन सरासरीपेक्षा मोठं दिसलं, जसं ६० आणि ७५, तर समजावं की बहुतेकांचे आकडे खाली दाटले आहेत आणि दोन-चार जण फार वर आहेत. अशा वेळी सरासरी कुणाचीच नसते. आलेख काढून पाहा. गट तीस-चाळीसचे असतील आणि कल थोडासाच असेल तर या चाचण्या तग धरतात. फार असेल तर दोन गटांसाठी मान-व्हिटनी आणि तीनांसाठी क्रुस्कल-वॉलिस चाचणी लावा, आणि सरासरीऐवजी मध्यक लिहा. तऱ्हेवाईक वाटणारा आकडा नुसता वाटतो म्हणून काढून टाकू नका. फॉर्म पाहा. भरण्यातली चूक असेल तर दुरुस्त करा, खरा असेल तर राहू द्या.

इथे थांबा आणि संख्याशास्त्राच्या माणसाला गाठा

काही गोष्टी सॉफ्टवेअरमधल्या खुणा बदलून सुटत नाहीत.

त्यातली मोठी म्हणजे अख्खे वर्ग उचललेले असणं. कलेची तीस मुलं एकाच शाळेतल्या एकाच वर्गातली, विज्ञानची दुसऱ्या शाळेतली. एका वर्गातली मुलं त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात, तेच व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, शिकवण्यांच्या वेळाही सारख्याच. ती तीस सुटी माणसं राहत नाहीत. हे साम्य ०.०५ इतकं बारीक जरी असलं तरी माहिती किती पटीने घटते याचं सूत्र आहे १ + (३० − १) × ०.०५, म्हणजे २.४५. नव्वद जणांची माहिती मग ३७ सुट्या माणसांच्या माहितीइतकीच उरते, आणि `p` फसवा लहान येतो. शिवाय फरक शाखेचा की शाळेचा, हेही सांगता येत नाही. प्रत्येक शाखेचा एकच वर्ग घेतला असेल तर तज्ज्ञही तो तिढा सोडवू शकणार नाही, तो फार तर निष्कर्षाचं वाक्य कुठवर न्यायचं ते सांगेल.

शाखा आणि लिंग दोन्ही एकत्र पाहायचे असतील, त्याच मुलांची वेगवेगळ्या गटांत दोन-तीनदा मोजमापं असतील, एखाद्या गटात दहाच्या खाली माणसं असतील, किंवा निम्म्या लोकांचं उत्तर शून्य मिनिटं असेल, तरीही थांबा. शेवटचं पेपरवाचनात नेहमी होतं. तिथे "वाचतो की नाही" आणि "वाचणारे किती वेळ वाचतात" असे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात.

जाताना छापलेले तक्ते नेऊ नका, त्यांवरून काही कळत नाही. मूळ एक्सेल फाईल, कुठल्या आकड्याचा अर्थ काय याचा कागद, कोरी प्रश्नावली आणि फॉर्म कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात, कुठल्या आठवड्यात भरून घेतले याची यादी न्या. आणि सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नको, निदान पंधरा दिवस आधी. फॉर्म पुन्हा भरून घ्यायची वेळ आली तर तेवढे दिवस लागतात.